आधी कापड मोजा, मग चित्र दाखवा

मोबाईलवर तयार केलेल्या चित्रात साडीचा काठ गोल गळ्याभोवती सहज वळतो. खऱ्या कापडात तो वळत नाही. विणलेला जरीचा काठ सरळ असतो. त्याला गोलाई द्यायला गेलं की आतल्या कडेला चुण्या पडतात आणि बाहेरची कड ताणली जाते. चित्र काढणाऱ्या अ‍ॅपला धागा, वीण, शिवण यातलं काही माहीत नसतं. त्याने हजारो ब्लाउजचे फोटो पाहिलेले असतात आणि त्यावरून ते ‘दिसायला बरोबर’ असं काहीतरी रंगवतं. गिऱ्हाईक ते पाहून हरखतं, आपण ‘हो, करून देते’ म्हणतो, आणि भांडण त्या क्षणीच सुरू झालेलं असतं. फक्त ते बाहेर पडतं ब्लाउज घालून पाहताना.

म्हणून शिवण्याआधी चित्र दाखवू नये, असं मी म्हणत नाही. माझ्या शिवणक्लासमध्ये शिकून गेलेल्या एक ताई नाशिकला दुकान चालवतात. आता त्या प्रत्येक महागड्या ब्लाउजला आधी चित्र दाखवतात, पण त्यांचा क्रम वेगळा आहे. त्या आधी कापड मोजतात, त्यातून काय निघेल हे ठरवतात आणि जे निघू शकतं त्याचंच चित्र काढतात. त्यांच्याकडे आलेल्या एका पैठणीच्या ब्लाउजची गोष्ट इथे सविस्तर सांगते, कारण चित्र आणि कापड यांची गाठ कुठे पडते ते तिच्यात नीट दिसतं.

मुलीच्या लग्नासाठी एक काकू जांभळी पैठणी घेऊन आल्या. साडीला जोडून ऐंशी सेंटिमीटरचा ब्लाउजपीस होता. सोबत फोनवर भाचीने अ‍ॅपवर करून दिलेलं चित्र होतं. त्यात कोपरापर्यंत येणाऱ्या बाह्या, त्यांच्या टोकाला रुंद काठ, पाठीला खोल मटका गळा, त्या गळ्याभोवती फिरलेला काठ आणि खालच्या कडेलाही काठ. “ताई, मला अस्सा हवा,” काकू म्हणाल्या.

ताईंनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्यांनी ब्लाउजपीस टेबलावर पसरला आणि टेप काढला. लांबी साडेएकतीस इंच, पन्हा सेहेचाळीस इंच, दोन्ही कडांना चार-चार इंचांचा काठ. इथे एक सांगते. ब्लाउजपीसला काठ दोन्ही बाजूंना आहे की एकाच, हे कापड पूर्ण उलगडल्याशिवाय गृहीत धरू नका. एकाच बाजूला काठ असेल तर पुढचा सगळा हिशोब अर्ध्यावर येतो.

मग काठाचा हिशोब. दोन कडा, प्रत्येकी साडेएकतीस, म्हणजे एकूण त्रेसष्ट इंच काठ. काकूंची मापं: छाती छत्तीस, उंची चौदा, शोल्डर चौदा, बाही दहा, दंड बारा. बाहीच्या टोकाला काठ हवा असेल तर बाही काठाच्या कडेवरच बेतावी लागते. कडेवर किती जागा लागेल हे मोहरीवरून ठरत नाही, बाहीच्या सगळ्यात रुंद भागावरून ठरतं. दंड बारा, त्यात पाऊण इंच सैलपणा आणि दोन्ही बाजूंची माया धरली की एका बाहीला साडेपंधरा इंच जातात. दोन बाह्या म्हणजे एकतीस. एक अख्खी कड संपली, अर्धा इंच उरला.

राहिली दुसरी कड, साडेएकतीस इंच. चित्रातल्या ब्लाउजला आता मागच्या गळ्याभोवती काठ हवा आहे आणि खालच्या कडेलाही हवा आहे. मटका गळा तर वळणाचा, तिथे काठ बसणारच नाही. पण चौकोनी गळा केला आणि कोपऱ्यात काठ तिरका मुडपून शिवला, तर बसेल का? ताईंनी कागदावर आकडे मांडले. गळा आठ इंच खोल आणि सात इंच रुंद धरला, तर आतली कड आठ, सात आणि आठ मिळून तेवीस इंच होते. पण काठ चार इंच रुंद आहे आणि तो गळ्याच्या बाहेरच्या बाजूला पसरतो. बाहेरच्या कडेने मोजलं तर बारा, पंधरा आणि बारा, म्हणजे एकोणचाळीस इंच. जवळ आहेत साडेएकतीस. शिवाय शोल्डर चौदा आणि गळा सात रुंद म्हटल्यावर खांद्याला उरते साडेतीन इंचांची पट्टी. चार इंचांचा काठ त्या पट्टीवर मावतच नाही.

इथे चित्राची दुसरी लबाडी कळते. काकूंच्या फोनवरच्या चित्रात बाहीवरचा काठ चांगला रुंद होता आणि गळ्याभोवती तोच काठ बोटभर झाला होता. नक्षी तीच, फक्त लहान केलेली. चित्राला ते जमतं. विणलेली नक्षी लहान करता येत नाही आणि काठ मधोमध कापला तर अर्धा मोर किंवा अर्धी वेल हातात येते, वर जर सुटायला लागते ती वेगळीच. तेव्हा गिऱ्हाइकाने दाखवलेल्या प्रत्येक चित्रात हे आधी बघा: एकच काठ दोन ठिकाणी दोन रुंदींचा दिसतोय का? दिसत असेल तर त्यातली एक जागा खोटी आहे.

ताईंनी हे सगळं काकूंना टेप धरून दाखवलं. तोंडी सांगितलेलं ‘होणार नाही’ गिऱ्हाइकाला आळस वाटतो. काठावर टेप ठेवून ‘ही एक बाही, ही दुसरी बाही, आता एवढाच उरला’ असं दाखवलं की तेच पटतं. काकूंनी विचारलं, “मग उरलेल्या काठाचं काय करायचं?”

उत्तर पाठीत होतं. गळा आठ इंच खोल ठेवला तर चौदा इंच उंचीतून खाली सहा इंचांची पट्टी राहते. तिच्यावर चार इंचांचा काठ नीट बसतो. पाठ दुसऱ्या कडेवर बेतायची. तिला कडेवर एकवीस इंच लागतात, जागा साडेएकतीस आहे. पन्ह्याच्या बाजूने पाहिलं तर बाह्यांना मायेसकट अकरा इंच आणि पाठीला पंधरा इंच गेले, मध्ये वीस इंच रुंदीचं साधं अंग राहिलं. त्यात समोरचे दोन्ही भाग आरामात निघतात आणि हुकपट्टीलाही तुकडा उरतो. याचा आणखी एक फायदा झाला. सगळ्या भागांची उंची पन्ह्याच्या दिशेने बेतल्यामुळे अंगावरच्या बुट्ट्या कुठेच आडव्या झाल्या नाहीत. पाठ एका दिशेला आणि बाही दुसऱ्या दिशेला बेतली तर बाहीवरचा मोर उभा आणि पाठीवरचा आडवा होतो. चित्रात हे कधीच दिसत नाही, कारण चित्रातल्या बुट्ट्या कापडातून बेतलेल्या नसतात, आकारावर रंगवलेल्या असतात.

एवढं ठरल्यावर ताईंनी स्वतःचं चित्र काढायला घेतलं. त्यांची पद्धत उचलण्यासारखी आहे.

कापडाचा फोटो दुकानातल्या ट्यूबलाइटखाली काढू नये. दाराशी, दिवसाच्या उजेडात, कापड सपाट पसरून, बरोबर वरून काढावा. काठ आणि अंग दोन्ही त्यात यावेत. पैठणीसारख्या धूपछाव रेशमात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे हलवलं की रंग बदलतो. फोटोत त्यातला एकच रंग येतो आणि अ‍ॅप तोच सगळीकडे भरतं. म्हणून रंग ठरवायचा असेल तेव्हा गिऱ्हाइकाला कापडच दाखवा, चित्र नाही. गोटाचं किंवा अस्तराचं कापड चित्रावरून निवडलं तर हमखास फसतं.

मग सूचना. जेमिनाय, चॅटजीपीटी यांसारख्या अ‍ॅपना मराठीत लिहिलेलं कळतं, पण आपल्या कामातले ‘मुंढा’, ‘माया’, ‘उरेब’ हे शब्द त्यांच्याकडे भलतेच निघू शकतात. ते टाळून साध्या भाषेत लिहा. इंचही लिहू नका, कारण चित्र काढताना मोजमाप होत नसतं. ‘आठ इंच गळा’ लिहिलं तरी गळा त्याला वाटेल तेवढाच येतो. त्याऐवजी शरीरावरच्या खुणा सांगा. आणखी एक गोष्ट: ‘अमुक नको’ असं लिहिलं की पुष्कळदा नेमकं तेच चित्रात येतं. जे हवंय तेवढंच लिहावं. काकूंच्या ब्लाउजसाठी ताईंनी लिहिलेली सूचना साधारण अशी होती:

“सोबतच्या फोटोतल्या कापडाचा ब्लाउज. सरळ पाठीमागून दिसणारा, मानेपासून कमरेपर्यंत. पन्नाशीची, भरलेल्या अंगाची बाई, हात खाली सोडलेले. बाही कोपराच्या चार बोटं वर संपते, तिच्या टोकाला फोटोतला रुंद काठ. पाठीला चौकोनी गळा, पाठीच्या मध्याच्या थोडा खाली येणारा. गळ्याला बारीक हिरवा गोट. पाठीच्या खालच्या कडेला तोच रुंद काठ.”

यात ‘भरलेल्या अंगाची’ हे दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत. ते लिहिले नाहीत तर अ‍ॅप सडपातळ तरुणी काढतं आणि तिच्या पाठीवर कोणताही गळा चांगलाच दिसतो. गिऱ्हाइकाचा स्वतःचा फोटो मात्र अ‍ॅपमध्ये टाकू नका, अगदी त्यांनी हौसेने दिला तरी. बांधा शब्दांत सांगून काम भागतं आणि बायकांचे फोटो आपल्या फोनमध्ये साठवायची जबाबदारी येत नाही.

‘सरळ पाठीमागून’ यालाही कारण आहे. चित्र सरळ असेल तर त्यावरून माप काढता येतं. स्क्रीनवर पट्टी ठेवायची. खांद्यापासून ब्लाउजच्या खालच्या कडेपर्यंत किती, आणि खांद्यापासून गळ्याच्या तळापर्यंत किती, हे सेंटिमीटरमध्ये मोजायचं. ताईंच्या पहिल्या चित्रात पाठ सात सेंटिमीटर होती आणि गळा पाच. काकूंच्या पाठीची उंची चौदा इंच. म्हणजे हा गळा त्यांच्या अंगावर दहा इंच खोल येणार, खाली चार इंचांची पट्टी उरणार आणि आतला पट्टा दिसायची शक्यता. काकूंना चित्रात तो गळा बेताचा वाटला होता. दहा इंच म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “छे छे, एवढा नको.” हे गुणोत्तर मांडायला मिनिटभर लागतं आणि ब्लाउजचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

तरीही आकड्यावर थांबू नका. ताई जुन्या वर्तमानपत्रावर गळा पूर्ण मापाने आखतात, कापतात, आणि तो कागद गिऱ्हाइकाच्या पाठीवर मानेच्या हाडापाशी टाचणीने लावतात. मग त्यांच्याच फोनवर पाठीचा फोटो काढून त्यांना दाखवतात. काकूंना आठ इंचांचा चौकोन कागदावर पाहून आवडला, पण रुंदी सात ऐवजी साडेसहा हवीशी वाटली. हा निर्णय कोणत्याही चित्राने करून दिला नसता. त्यांच्या खांद्यांचा उतार, पाठीचा बाक, केसांचा अंबाडा, हे सगळं कागद लावल्यावरच दिसलं.

चित्र आवडलं की त्यात काय दाखवलेलं नाही, ते शोधायची पाळी येते. पहिली गोष्ट म्हणजे उघडायची जागा. अ‍ॅपच्या चित्रातल्या ब्लाउजला बहुधा हुकपट्टी नसते, समोरूनही नाही आणि मागूनही नाही. विचारा स्वतःला, हा अंगात घालायचा कसा? समोर बंद बोट नेक दाखवला असेल तर हुक मागे जातात, आणि मागे खोल गळा असेल तर त्या हुकांना खालची जेमतेम पट्टीच मिळते. काकूंच्या ब्लाउजला हुक समोरच ठेवले, कारण पाठीवरचा काठ अखंड हवा होता. हुक मागे घेतले असते तर काठ मधोमध तुटला असता.

दुसरी गोष्ट टक्स. चित्रात छातीवर कापड एका झटक्यात गुळगुळीत बसलेलं दिसतं. खरं कापड सपाट असतं, त्याला गोलाई येते ती टक्स घालून, प्रिन्सेस कटच्या शिवणीने किंवा कटोरीने. यातली प्रत्येक रेघ बुट्टीला छेदू शकते. बुट्टी मोठी असेल तर समोरचा भाग बेतण्याआधी कापडावर खडूने टक्सची जागा आखून बघा आणि बुट्टी टोकाला येणार नाही असा भाग थोडा सरकवा. वीस इंचांच्या अंगात काकूंचे दोन्ही भाग सरकवायला जागा होती, म्हणून दोन्ही बाजूंच्या बुट्ट्या समोरासमोर आणता आल्या. तेवढी जागा नसेल तर गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

तिसरी गोष्ट, गळा खांद्यावर टिकतो कशाने. चित्रातला ब्लाउज कधी घसरत नाही. मागचा गळा खोल आणि पुढचाही रुंद असेल तर खऱ्या अंगावर तो खांद्यावरून उतरतोच. मागे खोल केला तर पुढे आवरता घ्या, किंवा मागे वर नाडी द्या. काकूंना नाडी नको होती, म्हणून पुढचा गळा सहा इंचांवर आणि थोडा अरुंद ठेवला. हा बदल मूळ चित्रात नव्हता. ताईंनी तो आधीच बोलून घेतला, नंतर कळायला ठेवला नाही.

फुग्याच्या बाह्यांबद्दल थोडक्यात. चित्रात त्या फार खुलतात, पण चुण्यांना साध्या बाहीपेक्षा बरंच जास्त कापड लागतं. ऐंशी सेंटिमीटरच्या तुकड्यात काठाची बाही आणि फुगा दोन्ही सहसा निघत नाहीत. अशा वेळी फुगा वरच्या साध्या कापडाचा आणि खाली काठाची वेगळी पट्टी, असा जोड द्यावा लागतो आणि मध्ये शिवण दिसते. चित्र दाखवताना त्यात ती शिवण असली पाहिजे.

बदल सुचवताना एक सावधगिरी ठेवा. अ‍ॅपला ‘गळा थोडा वर घे’ सांगितलं की ते पुष्कळदा बाहीही बदलतं, काठाची नक्षीही बदलतं. नवं चित्र दाखवण्याआधी जुन्याशेजारी ठेवून बघा. आणि चित्रं किती काढायची याला मर्यादा घाला. ताई दोन किंवा तीन दाखवतात, त्याहून जास्त नाही. दहा चित्रं पाहिली की गिऱ्हाइकाला एकाची बाही, दुसऱ्याचा गळा आणि तिसऱ्याचा रंग हवा असतो, आणि ते सगळं एका तुकड्यात बसत नाही.

ठरलेलं चित्र ताई गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, पण ऑर्डर घेतात पावतीवरच. काकूंच्या पावतीवर इंचात लिहिलं: मागचा गळा चौकोनी, आठ खोल, साडेसहा रुंद. पुढचा सहा. बाही दहा, टोकाला काठ. पाठीच्या खाली काठ. गळ्याला हिरव्या रेशमाचा उरेब गोट. हुक समोर. खाली एक ओळ, ‘चित्र आकार समजण्यासाठी, शिवण वरील मापांप्रमाणे’. काकूंनी त्यावर सही केली. तक्रार आली तर चित्राकडे बोट दाखवून वाद घालता येतो, आठ इंचांवर टेप लावला की वाद उरत नाही.

हिरवा गोट उरेब घेतला यालाही कारण आहे. आडव्या किंवा उभ्या धाग्यावर कापलेली पट्टी ताठ राहते. उरेब, म्हणजे पंचेचाळीस अंशांत तिरपी कापलेली पट्टी थोडी ताणते, त्यामुळे गोल गळ्यालाही चुणी न पडता बसते. चित्रात गिऱ्हाइकाला वळणावर काठ दिसला आणि तो हवाच असेल, तर त्याची जागा या गोटाने भरून काढता येते. गोटाचा रंग काठातल्याच एका धाग्याचा निवडा. काकूंच्या काठात वेलीच्या पानांना हिरवा होता, तोच घेतला.

महाग कापड असेल आणि आकार नवा असेल तर बेतण्याआधी मांजरपाटावर समोरचा भाग आणि पाठ कच्च्या टाक्यांनी शिवून ट्रायल घ्या. त्याचे पैसे वेगळे सांगा. ताई चित्र आणि ट्रायल मिळून शिलाईच्या वर ठराविक रक्कम आकारतात आणि ती आधीच सांगतात. जे फक्त चित्र बघायला येतात, ते त्यामुळे आपोआप कमी होतात.

काकूंचा ब्लाउज झाला तेव्हा बाहीच्या काठाची कड आत मुडपलेली नव्हती, ती अस्तराने बंद केली होती, त्यामुळे काठ पूर्ण चार इंच दिसत होता. ताईंनी काकूंना विचारून ब्लाउजचा हँगरवरचा फोटो काढला आणि तो फोनमध्ये चित्राशेजारी साठवला. पुढचं गिऱ्हाईक आलं की त्या दोन्ही दाखवतात: हे चित्र होतं आणि हा शिवून झालेला ब्लाउज. दुकानाच्या इन्स्टाग्रामवर मात्र त्या फक्त शिवलेल्या ब्लाउजचेच फोटो टाकतात. अ‍ॅपने काढलेलं चित्र आपलं काम म्हणून टाकलं, तर ते बघून येणारं गिऱ्हाईक नेमकं तेच मागतं आणि गळ्याभोवती वळलेला तो काठ पुन्हा समोर येतो.